पंधरा मिनिटं, एक प्रश्न

ऋता सबनीस कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या एका कन्सल्टन्सीत इमारतींच्या पायाचं डिझाइन करत असे. तीन वर्षं ती तेच करत होती. मातीचा अहवाल यायचा, त्यातल्या तक्त्यातले आकडे ती संगणकात घालायची आणि पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत उतरवायचा काँक्रीटचा खांब, किती खोल आणि किती जाड लागेल ते काढायची. अहवाल कसा बनतो, ते आकडे कुठून येतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

ते तिनं पाहिलं कोलकात्याजवळच्या बजबजला. तिथल्या तेलाच्या डेपोत नव्या टाक्या बसवायच्या होत्या आणि एका पाइलच्या चाचणीला ऑफिसातून कुणीतरी जायला हवं होतं. नेहमी जाणारा माणूस आजारी पडला म्हणून ऋता गेली. चाचणीचं काम रेंगाळलं. शेजारीच मातीचे नमुने काढायला बोअरिंग चालू होतं, तिथे जाऊन ती उभी राहिली. तीन पायांची घोडी, दोर ओढायचा विंच आणि चिखलानं माखलेली चार माणसं. जमिनीखालून नळी वर आली, तिच्यातून करड्या मातीचा गोळा बाहेर ढकलला गेला, आणि तिथल्या इंजिनिअरनं तो मधोमध चिरून तिच्यापुढे धरला. आत काळपट, कुजलेल्या लाकडाचे तुकडे होते. ऋतानं बोट लावलं तर माती लोण्यासारखी दबली. तीन वर्षं ज्या मातीला ती एक आकडा म्हणून ओळखत होती, ती ही.

त्या दिवसानंतर तिनं माती-तपासणीचं काम करणाऱ्या एका कंपनीत अर्ज केला, मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. साइट इंजिनिअर म्हणून. हो की नाही ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं.

ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर यायचं. साइटवर गेलीस की डिझाइनमध्ये परत कुणी घेणार नाही. शेजारच्या टेबलावर बसणारा मिहीरदा तर म्हणाला की तो रस्ता एकेरीच आहे. पण मिहीरदा स्वतः कधी साइटवर गेलेला नव्हता. असं सांगणाऱ्यांपैकी कुणीच गेलेला नव्हता, हे ऋताच्या हळूहळू लक्षात आलं.

गेलेली आणि परत आलेली एक व्यक्ती तिला माहीत होती, तीही फक्त व्यासपीठावर पाहिलेली. यामिनी देवधर. एका मोठ्या कंपनीच्या कोलकाता ऑफिसात भूतंत्र, म्हणजे माती आणि पायाचं काम पाहणाऱ्या, विभागाच्या प्रमुख. मागच्या हिवाळ्यात इंजिनिअरांच्या एका सभेत मऊ चिकणमातीवर त्यांचं भाषण झालं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, दोन वर्षं डिझाइन केल्यावर मी चार वर्षं बोअरिंगवर काढली, मग परत आले. एवढंच म्हणून त्या पुढच्या स्लाइडकडे वळल्या होत्या. ऋताच्या डोक्यात ते वाक्य राहिलं होतं.

घरी जेवताना तिनं नाव काढलं, तर आई म्हणाली, "देवधरांची यामिनी? त्या आपल्या मराठी मंडळात येतात की. त्यांच्या आजोबांपासून इथलेच आहेत ते."

वडिलांनी, श्यामकांतांनी, लगेच घास थांबवला. ते बँकेत अधिकारी होते आणि चार वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आले होते. बालीगंजच्या बँकेच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मंडळाचा एकही कार्यक्रम ते चुकवत नसत. त्यांनी सांगून टाकलं की आपलीच माणसं आहेत, रविवारी भेटतील, मी सांगतो, त्या तुला त्यांच्याकडेच लावून घेतील.

"मला त्यांच्याकडे नोकरी नकोय बाबा," ऋता म्हणाली. "मला एक गोष्ट विचारायची आहे. मी लिहीन त्यांना."

त्या रात्री तिनं लिहिलेला मेल पानभर झाला. आपलं शिक्षण, आजवरचे प्रकल्प, बजबजची हकीकत, सोबत बायोडेटा, आणि शेवटी, कृपया मला करिअरबद्दल मार्गदर्शन करावं. सकाळी ऑफिसात तो पुन्हा वाचताना तिला सायंतनी आठवली. सायंतनी ही एका कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलगी. तिनं ऋताला दोन महिन्यांपूर्वी असाच मेल पाठवला होता, मार्गदर्शन करा म्हणून. ऋताला तिला मदत करायची होती. पण नेमकं काय सांगायचं, किती वेळ जाणार, सुरुवात कुठून करायची, यात तो मेल पडून राहिला. मग इतके दिवस झाले की आता उत्तर द्यायची लाज वाटू लागली.

ऋतानं आधी सायंतनीला उत्तर लिहिलं. उशीर झाला, माफ कर, आणि तुला सगळ्यात आधी कोणती एक गोष्ट विचारायची आहे ते सांग, असं. मग स्वतःचा मेल पुसला आणि नव्यानं लिहायला घेतला. तो इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा:

'मी ऋता सबनीस, तीन वर्षं इमारतींच्या पायाच्या डिझाइनमध्ये आहे. मागच्या हिवाळ्यातल्या भाषणात आपण सांगितलंत की डिझाइननंतर आपण चार वर्षं बोअरिंगवर होता आणि मग परत आलात. मला माती-तपासणीच्या कंपनीत साइटवरचं काम मिळतं आहे. माझा प्रश्न एकच आहे: साइटवरच्या कोणत्या कामामुळे डिझाइनमध्ये परत येणं शक्य झालं? यावर आपल्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? पुढच्या दोन आठवड्यांत, आपल्या सोयीनं केव्हाही. मी नोकरी मागत नाही. जमणार नसेल तर "जमणार नाही" एवढं लिहिलंत तरी पुरे, किंवा उत्तर नाही दिलंत तरी मी समजून घेईन. पुन्हा विचारणार नाही.'

मिहीरदानं तो वाचला आणि एकच शंका काढली. तुम्ही दोघी मराठी, एकाच मंडळातल्या, ते लिहिलं का नाहीस? ऋतानं त्यावर विचार केला होता. सुरुवातीला तसं वाक्य तिनं घातलंही होतं, मग काढलं. मंडळाचं नाव आलं की नाही म्हणायला जड जाणार, उद्या तोंडावर भेटायचं असतं. मग मेलच्या शेवटी जमणार नसेल तर म्हणण्याला काय अर्थ राहिला?

मिहीरदा म्हणाला की याला मूर्खपणा म्हणतात. पण तिनं तो मेल तसाच पाठवला.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. एका निविदेचं काम चालू असल्यानं या महिन्यात जमणार नाही. शुभेच्छा. यामिनी देवधर.

ऋताला वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता थोडा वेळ खाली चालून आली. पण वाईट वाटण्यात अपमान नव्हता, हेही तिला जाणवलं. तिनंच दार उघडं ठेवलं होतं आणि त्या त्यातून नीट बाहेर पडल्या होत्या. कळवल्याबद्दल आभार, निविदेसाठी शुभेच्छा, असं एका ओळीत लिहून तिनं विषय मिटवला. घरी आईला सांगितलं. वडील टीव्ही पाहत होते, त्यांनीही ऐकलं.

रविवारी मंडळात फराळाचा कार्यक्रम होता. ऋता गेली नाही. संध्याकाळी आईवडील परतले तेव्हा श्यामकांत खुशीत होते. बूट काढता काढता त्यांनी सांगितलं की देवधर बाई भेटल्या. चकलीच्या टेबलापाशीच गाठलं. म्हटलं, माझ्या मुलीनं तुम्हाला लिहिलं होतं, तुम्ही कामात आहात हे कळलं, पण आपलीच मुलगी आहे, पाच-दहा मिनिटं काढाच. त्या हो म्हणाल्या. बघते म्हणाल्या.

आई ऋताकडे एकदा पाहून पिशव्या घेऊन आत गेली.

"बाबा, मी त्यांना लिहिलं होतं की पुन्हा विचारणार नाही."

"तू कुठे विचारलंस? मी विचारलं."

"त्यांच्या लेखी ते एकच."

श्यामकांतांना हे पटेना. त्यांचं म्हणणं असं की मोठी माणसं पहिल्यांदा नाहीच म्हणतात, दुसऱ्यांदा विचारलं की वेळ निघतो. त्यांनी स्वतःचं सांगितलं. नोकरीत सात गावं बदलली, प्रत्येक गावात ओळख ना पाळख. भाड्याचं घर, ऋताची शाळा, आईच्या गुडघ्याचा डॉक्टर, सगळं माणसांना विचारून, पुन्हा पुन्हा विचारून मिळवलं. लाजत बसलो असतो तर तू भोपाळला वर्षभर घरी बसली असतीस, ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. भोपाळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या दारात वडील उभे असल्याचं ऋताला अंधूक आठवत होतं.

म्हणून ती ओरडली नाही. इतकंच म्हणाली, "शाळेत जागा होती, ती ते देत नव्हते. इथे त्यांचा स्वतःचा वेळ होता. त्यांनी उत्तर दिलं होतं, बाबा. नाही हे उत्तरच असतं."

श्यामकांत म्हणाले की देवधर बाईंना राग आलेला दिसला नाही. हसून बोलल्या. ऋता म्हणाली की मंडळात माणूस दुसरं काय करणार. त्यावर मात्र ते उठून बाल्कनीत गेले आणि जेवायला बोलवेपर्यंत आले नाहीत.

आता काय करायचं ते ऋताला कळेना. काही न करता बसलं तर यामिनी देवधरांना वाटणार की मुलीनं वडिलांना पाठवलं. फोन आलाच तर तो मनाविरुद्ध दिलेला वेळ असणार. आणि पुन्हा लिहावं तर तो पुन्हा विचारल्यासारखाच प्रकार. आईनं सल्ला दिला की राहू दे, विसरतील. ऋतानं सोमवारी सकाळी तीन ओळी लिहिल्या. रविवारी माझे वडील आपल्याशी माझ्याबद्दल बोलले, ते मला नंतर कळलं. त्यांनी ते मायेपोटी केलं, तरी आपल्याला संकोच झाला असेल, त्याबद्दल माफी मागते. आपण आधी कळवलंत तेच माझ्यासाठी कायम आहे, आपण काहीही करायची गरज नाही.

विनंतीचा शब्द त्यात कुठे राहिला नाही ना, हे पाहायला तिनं मेल दोनदा वाचला.

उत्तर आलं नाही. आठवडा तसाच गेला. महिनाअखेर जवळ येऊ लागली आणि ऋतानं मनाशी ठरवत आणलं की आहे तिथेच राहावं. मग शुक्रवारी दुपारी मेल आला. निविदा काल भरली. उद्या सकाळी नऊ वाजता फोन करू शकता. नंबर खाली आहे.

ऋतानं श्यामकांतांना सांगितलं. सकाळी त्यांनी टीव्ही लावला नाही आणि वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत बसले, घरात शांतता राहावी म्हणून.

नऊला तिनं फोन लावला. पलीकडून यामिनी देवधरांनी नाव ऐकून घेतलं आणि मराठीत बोलायला हरकत नाही ना, असं विचारलं. आपलं मराठी जरा बंगाली वळणाचं आहे, सांभाळून घे, असंही म्हणाल्या. आवाज व्यासपीठावरच्यापेक्षा मऊ होता. ऋतानं वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि पुन्हा माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी ती तिथेच थांबवली.

"तुझे बाबा बोलले म्हणून मी वेळ काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "मंडळात मी सगळ्यांनाच बघते म्हणते आणि बघत नाही. तो माझा दोष. तुझा मेल मी ठेवून दिला होता, कारण त्यात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. विचार."

ऋतानं आपला प्रश्न विचारला. साइटवरच्या कोणत्या कामामुळे परत येता आलं?

यामिनीताईंनी सांगितलं की परत येता आलं ते साइटवर असल्यामुळे नव्हे, साइटवर काय केलं त्यामुळे. त्या चार वर्षांत प्रत्येक बोअरचा लॉग, म्हणजे किती खोलीला कोणती माती लागली त्याची नोंद, त्यांनी स्वतः लिहिला होता. नळीतून आलेली माती हातात घेऊन तिचं वर्णन लिहायचं, नळी आत ठोकताना हातोड्याचे ठोके स्वतः मोजायचे, नमुने प्रयोगशाळेत स्वतः उघडायचे आणि मग अहवालातले आकडे ठरवायला बसायचं. त्याच साइटवर दुसरे दोन इंजिनिअर होते. ते मशिनं कुठे न्यायची, डिझेल आलं का, बिलं गेली का, एवढंच बघायचे. तेही कष्टाचंच काम होतं, पण ते दोघं डिझाइनमध्ये परत येऊ शकले नाहीत.

"मी आता लोकांच्या मुलाखती घेते," त्या म्हणाल्या. "साइटवरून आलेल्याला मी विचारते, असा एक बोअर सांगा जिथे तुमचा लॉग एक म्हणत होता आणि प्रयोगशाळा दुसरं. मग तुम्ही काय केलंत? ज्यानं स्वतः काम केलंय त्याच्याकडे गोष्ट असते. तेव्हा त्या कंपनीला आधी विचार, लॉग कोण लिहितं आणि अहवाल कोण लिहितं."

ऋतानं ते टिपून घेतलं. हा प्रश्न मुलाखतीत तिनं विचारलाच नव्हता. कामाचं नाव साइट इंजिनिअर होतं, तेवढ्यावर ती सगळं धरून चालली होती.

मग यामिनीताईंनी न विचारता आणखी एक सांगितलं. परत आल्यावर पहिलं दीड वर्ष त्यांना एका ज्युनिअरच्या हाताखाली बसवलं होतं, डिझाइनचा सराव सुटलाय म्हणून. रोज संध्याकाळी वाटायचं की चुकलंच आपलं. "हे कुणी सांगत नाही. मीही भाषणात सांगितलं नाही. पण तू हिशेबात धर."

घड्याळात नऊ वाजून चौदा मिनिटं झाली होती. ऋता म्हणाली की वेळ संपत आला, आणि तिला हवं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं.

"थांब. आता माझा एक प्रश्न," यामिनीताई म्हणाल्या. "आपण एकाच मंडळातल्या, हे तू पहिल्या मेलमध्ये का लिहिलं नाहीस?"

"मग तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं."

यामिनीताई म्हणाल्या, "नसतं आलं, खरंय. आणि मग मी हो म्हणून तुला महिनाभर टाळलं असतं." त्या हसल्या नाहीत. पुढे काय ठरलं ते कळव म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ऋता बाल्कनीत आली. श्यामकांतांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांनी विचारलं की बोलल्या का नीट, आणि ती म्हणाली की खूप नीट बोलल्या. ते म्हणाले, "मी त्या दिवशी गेलो नसतो तरी बोलल्या असत्या, असं म्हणाल्या असतील."

तिला खोटं बोलवेना. "हो," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. ते म्हणाले की चहा टाक, आणि मग स्वतःच उठून टाकायला गेले.

सोमवारी तिनं माती-तपासणीच्या त्या कंपनीला फोन केला. फोन घेणाऱ्या बाई सरळ बोलल्या. लॉग सुपरवायझर भरतात, अहवाल दिल्लीच्या ऑफिसात तयार होतो, तुमचं काम मशिनांचा आणि माणसांचा ताळमेळ ठेवायचं. पुढे मागे बदल होऊ शकतो का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की आश्वासन देता येणार नाही. ऋतानं दोन दिवस विचार केला. बजबजचा तो मातीचा गोळा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता, आणि सही करून टाकावी असंही एकदा वाटलं. तिनं आभार मानून नकार कळवला. यामिनीताईंना दोन ओळी लिहिल्या: आपण सांगितलेला प्रश्न विचारला, लॉग आणि अहवाल दोन्ही माझ्याकडे नसणार होते, म्हणून ते काम घेतलं नाही. आपले आभार. उत्तर आलं नाही. उत्तर यावं असं त्यात काही नव्हतंही.

ऑफिसात मिहीरदा म्हणाला की एवढं सगळं करून आहेस तिथेच राहिलीस. तीन महिने ते खरंच होतं. त्या काळात तिनं आणखी चार कंपन्यांना लिहिलं, आणि प्रत्येकीला आधी तोच प्रश्न विचारला. दोघींनी उत्तर दिलं नाही, एकीनं पहिल्या कंपनीसारखंच, अहवाल दुसऱ्या ऑफिसात होतो असं, सांगितलं. चौथी कंपनी म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, सहा माणसं आणि गॅरेजातली प्रयोगशाळा. प्राध्यापक फोनवर जवळजवळ रागावले. लॉग दुसरं कोण लिहिणार, असं त्यांनी उलट विचारलं.

प्राध्यापकांकडे रुजू झालेली ऋता फाल्गुनात कोलकात्याच्या बागबाजारला एका गल्लीत उभी होती. जुन्या घराचा एक कोपरा खचत होता आणि पाया भक्कम करण्याआधी खाली काय आहे ते पाहायचं होतं. गल्ली इतकी अरुंद की मशिन आत येईना, म्हणून घोडीचे भाग खांद्यावर वाहून आणून आत जोडले होते. घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी खिडकीतून दोनदा विचारलं की घर पडणार तर नाही ना, आणि ऋतानं आपल्या मोडक्या बंगालीत सांगितलं की अजून माहीत नाही, म्हणूनच बघतोय.

दुपारी नळी वर आली. तिनं माती पाटावर ढकलून घेतली, सुरीनं चिरली, अंगठा दाबून पाहिला, वास घेतला. वरच्या तपकिरी थराखालचा करडा, मऊ थर सुरू झाला होता आणि त्यात काळे, तंतुमय तुकडे होते. ती लिहायला बसली, आणि पहिल्याच ओळीला अडली. थर नेमका किती खोलीला बदलला ते या नळीत दिसत नव्हतं, तो दोन नमुन्यांच्या मधल्या, न काढलेल्या भागात कुठेतरी बदलला होता. तिनं अंदाजानं आकडा लिहिला, खोडला, आणि विंचवरच्या माणसाला शेजारी दुसरा बोअर घेऊन तेवढ्या खोलीत सलग नमुने काढता येतील का ते विचारलं. त्यानं आभाळाकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं आणि संध्याकाळ होईल म्हणाला.

"होऊ दे," ऋता म्हणाली.